पुढचा शब्द निवडताना : प्रस्तावना

एका छोट्या भाषा-मॉडेलला मी ‘गावाबाहेर एक नदी होती’ एवढं वाक्य दिलं आणि पुढचा मजकूर तयार करायला लावला. नियम एकच ठेवला होता : दर टप्प्यावर मॉडेलला सर्वांत शक्य वाटेल तोच शब्द घ्यायचा. पडद्यावर उमटलं ते असं :

‘गावाबाहेर एक नदी होती. नदीच्या काठावर एक मंदिर होतं. मंदिरासमोर एक झाड होतं. झाडाखाली एक मंदिर होतं. मंदिरासमोर एक झाड होतं. झाडाखाली एक मंदिर होतं. मंदिरासमोर एक झाड होतं…’

मी प्रोग्रॅम थांबवेपर्यंत मंदिर आणि झाड एकमेकांसमोर येतच राहिली. मग नियम बदलला. आता शब्द सोडतीने निघणार होता. ज्याची शक्यता जास्त, त्याच्या नावाच्या चिठ्ठ्या जास्त, पण डब्यात चिठ्ठी मात्र सगळ्यांची. त्याच मॉडेलने त्याच वाक्यापुढे लिहिलं : ‘उन्हाळ्यात तिचं पात्र इतकं आटायचं की पोरं पलीकडच्या आमराईत चालत जायची. यंदा मात्र पोलीस पाटलांनी निर्यातीच्या पंचांगावर दही सोडलं होतं.’ पहिलं वाक्य एखाद्या चांगल्या कथेत शोभेल असं आहे. दुसऱ्याचं व्याकरण ठाकठीक आहे, अर्थ मात्र कुठेच नाही.

या दोन मजकुरांमध्ये मॉडेलचा एक आकडाही बदललेला नव्हता. तेच प्रशिक्षण, तेच वाचन, तीच भाषेची समज. बदलली होती ती फक्त शब्द निवडण्याची रीत. या रीतीला डिकोडिंग म्हणतात, आणि हे पुस्तक तिच्याबद्दल आहे.

भाषा-मॉडेल लिहितं असं आपण सहज बोलून जातो, पण नेमकं पाहिलं तर ते लिहीत नाही. आतापर्यंतचा मजकूर वाचून ते पुढच्या तुकड्यासाठी एक यादी देतं. या तुकड्यांना टोकन म्हणतात. टोकन कधी अख्खा शब्द असतो, कधी शब्दाचा भाग. यादीत मॉडेलला माहीत असलेली सगळी टोकनं असतात, हजारोंच्या संख्येने, आणि प्रत्येकापुढे एक शक्यता लिहिलेली असते. सगळ्या शक्यतांची बेरीज १. ज्या सूत्राने या शक्यता काढतात ते कोणालाही पूर्ण शून्य देत नाही, हे मुद्दाम लक्षात ठेवायला हवं, कारण पुढचा बराचसा घोळ त्यातूनच होतो. यादी आल्यावर मॉडेलचं काम संपतं. यादीतून एक टोकन उचलणं, ते मजकुराला जोडणं आणि वाढलेला मजकूर पुन्हा मॉडेलपुढे ठेवणं हे काम दहावीस ओळींचा वेगळा प्रोग्रॅम करतो. मॉडेल घडवायला महिने लागतात, त्या मानाने या दहावीस ओळींकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं.

या क्षेत्रात सुरुवातीपासून दोन घराणी आहेत. एक शोधणाऱ्यांचं, दुसरं सोडत काढणाऱ्यांचं.

सोडतीचं घराणं जुनं आहे. क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली संदेशवहनाच्या गणितावरचा आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यात इंग्रजीसारखा दिसणारा मजकूर त्यांनी हाताने तयार करून दाखवला आहे. त्यांची युक्ती साधी होती : पुस्तक कुठेही उघडायचं, एक अक्षर टिपून घ्यायचं; मग दुसऱ्या कुठल्या तरी पानावर तेच अक्षर सापडेपर्यंत वाचायचं आणि त्याच्या पुढचं अक्षर उतरवायचं. शब्दांच्या बाबतीतही तसंच. पुस्तकात जे ज्यानंतर वारंवार येतं, ते हाती लागण्याचा संभवही तितकाच अधिक. कुठलीही काटछाट नसलेली ही शुद्ध सोडत. त्यातून आलेला मजकूर चार-पाच शब्दांपर्यंत इंग्रजी वाटतो आणि मग भरकटतो. दही सोडलेल्या पंचांगाचा पूर्वज तोच.

शोधणाऱ्यांचं घराणं ध्वनी ओळखण्याच्या कामातून आलं. कार्नेगी मेलन विद्यापीठात राज रेड्डी यांच्या गटात ब्रूस लॉवेअर यांनी हार्पी नावाची प्रणाली बांधली. त्यांचा प्रबंध १९७६ सालचा आहे. हार्पीला सुमारे हजार शब्द ओळखता येत. बोलणाऱ्याने काय म्हटलं असेल याचे मार्ग अगणित, आणि ते सगळे तपासायला त्या काळचा संगणक पुरणार नाही. म्हणून दर पावलावर सर्वांत आशादायक असे थोडेच मार्ग हाती ठेवायचे आणि बाकीचे सोडून द्यायचे. अंधारात बॅटरीचा झोत टाकावा आणि झोतात येईल तेवढंच पाहावं, तसं. म्हणून या पद्धतीचं नाव बीम सर्च. झोताची रुंदी १ ठेवली, म्हणजे एकच मार्ग हाती ठेवला, की तीच ग्रीडी पद्धत होते. माझ्या मंदिर-झाडाच्या प्रयोगातली.

झोत रुंद केल्याने काय मिळतं ते एका उदाहरणाने पाहू. आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत. मजकूर आहे ‘पाऊस थांबला आणि अंगणात’. पुढच्या शब्दासाठी मॉडेल म्हणतं : ‘एक’ ०.४०, ‘मुलं’ ०.३५, बाकी सगळे मिळून ०.२५. ग्रीडी ‘एक’ उचलते. पण ‘एक’ नंतर काय? कुत्रा, मांजर, झाड, बाई, डबकं, काहीही येऊ शकतं. त्यामुळे सर्वांत वरच्या शब्दालाही ०.२० च मिळतात. दोन शब्दांची मिळून शक्यता ०.४० गुणिले ०.२०, म्हणजे ०.०८. उलट ‘मुलं’ नंतर ‘खेळू’ जवळजवळ ठरलेलं आहे, समजा ०.६०. गुणाकार ०.२१. दोन रुंदीचा झोत असता तर ‘एक’ आणि ‘मुलं’ दोन्ही पुढच्या पावलापर्यंत हातात राहिले असते आणि ‘मुलं खेळू’ने बाजी मारली असती. ग्रीडीने पहिल्याच पावलावर तो रस्ता बंद केला, आणि मागे वळण्याची तिला मुभा नाही. मराठीत हे फार जाणवतं, कारण आपल्याकडे विशेषणापासून क्रियापदापर्यंत सगळं एका नामाच्या लिंगवचनावर चालतं. ‘मोठी’ असं एकदा लिहून गेलं की पुढे ‘वाडा’ येणं जवळपास बंद होतं, भले गोष्टीला वाडाच हवा असो.

यंत्र-अनुवादात झोताचा चांगला उपयोग झाला. २०१४ साली सट्स्केव्हर, विन्याल्स आणि ले यांनी न्यूरल जाळ्याने इंग्रजीतून फ्रेंच अनुवाद करून दाखवला, तेव्हा त्यांना एक गोष्ट आढळली : झोत १ वरून २ केला तरी बहुतेक फायदा पदरात पडतो. ही आनंदाची बातमी म्हणूनच वाचली गेली. झोत आणखी रुंद केला तर अनुवाद आणखी चांगला होईल, निदान बिघडणार तरी नाही, असं कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात उलट घडलं. २०१७ मध्ये कोएन आणि नोल्स यांनी न्यूरल अनुवादापुढच्या अडचणी मांडल्या, त्यांत हीही एक होती : एका मर्यादेपलीकडे झोत रुंदावला की अनुवाद वाईट होतो. शोध अधिक चांगला, हाती येणारी वस्तू अधिक वाईट.

या विसंगतीचा छडा २०१९ साली फेलिक्स श्टालबर्ग आणि बिल बर्न यांनी लावला, आणि माझ्या मते या क्षेत्रातला हा सर्वांत शिकवून जाणारा प्रयोग आहे. त्यांनी झोताचा आडोसाच काढून टाकला. मॉडेलच्या दृष्टीने सर्वांत जास्त शक्यतेचा अनुवाद कोणता, हे खात्रीने सांगणारा शोध त्यांनी रचला आणि इंग्रजी-जर्मन वाक्यांच्या एका मान्य संचावर चालवला. निम्म्याहून अधिक वाक्यांसाठी उत्तर आलं : रिकामं वाक्य. एकही शब्द न लिहिता थेट पूर्णविराम. कारण गुणाकाराचं आहे. प्रत्येक शब्द म्हणजे एकाहून लहान संख्येने गुणणं, म्हणून वाक्य जितकं लांब तितका गुणाकार लहान. वीस शब्दांचा अचूक अनुवाद असला तरी त्याची शक्यता अत्यल्प असते, आणि ‘इथेच संपव’ या एका टोकनाला मिळालेली हजारात एक शक्यताही तिच्यापेक्षा मोठी ठरते. इतकी वर्षं झोताने चांगले अनुवाद दिले ते तो पुरेसा चांगला शोधत नव्हता म्हणून. त्याच्या अपुरेपणामुळे ही रिकामी उत्तरं त्याच्या हाती लागत नव्हती. गूगलच्या २०१६ च्या अनुवाद-प्रणालीत गुणांना वाक्याच्या लांबीनुसार भागण्याची जी सोय होती, ती याच दुखण्यावरची पट्टी.

इथे मूळ प्रश्न समोर येतो. सर्वांत शक्य मजकूर हाच चांगला मजकूर, हे गृहीतच चुकलं तर?

पावसाचं उदाहरण घेतो. समजा एखाद्या गावी जुलैत रोज पाऊस पडण्याची शक्यता ७० टक्के आहे आणि एका दिवसाचा दुसऱ्याशी संबंध नाही. सगळ्या जुलैचा सर्वांत शक्य असा एकच नकाशा काढा म्हटलं, तर उत्तर येईल : ३१ ही दिवस पाऊस. कारण कुठलाही एक दिवस घ्या, पडण्याची शक्यता न पडण्यापेक्षा जास्तच. पण असा जुलै प्रत्यक्षात किती वेळा येईल? ०.७ चा ३१ वेळा गुणाकार केला तर साठ हजारांत एकदाही नीट येत नाही. खरा जुलै एकवीस-बावीस दिवसांच्या पावसाचा आणि नऊ-दहा दिवसांच्या उघडिपीचा असतो. उघडीप कोणत्या तारखांना, हे दर वर्षी वेगळं. पण उघडीप असते हे नक्की. ३१ दिवस पावसाचा महिना सर्वांत शक्य आहे आणि तरीही तो जुलैसारखा दिसत नाही.

माणसाच्या लेखनाचं असंच आहे. आपण बोलताना बहुतेक शब्द अपेक्षेप्रमाणे येतात आणि मधूनच एखादा अनपेक्षित येतो; त्या एका शब्दासाठीच पुष्कळदा वाक्य बोललेलं असतं. जे ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक आहे ते सांगायला कोणी तोंड उघडत नाही. ग्रीडी आणि बीम या पद्धती हा अनपेक्षित शब्द सहसा घेत नाहीत. त्या उघडीप नसलेला जुलै लिहितात.

वॉशिंग्टन विद्यापीठातले अ‍ॅरी होल्ट्झमन, येजिन चोई आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये हे मोजून दाखवलं. मोजमाप होतं पर्प्लेक्सिटी, म्हणजे मजकूर वाचताना मॉडेल दर शब्दाला सरासरी किती पर्यायांमध्ये अडखळतं त्याचा आकडा. माणसांनी लिहिलेल्या मजकुराला तो सुमारे १२ आला. बीम सर्चच्या मजकुराला दीड. शुद्ध सोडतीच्या मजकुराला जवळपास २३. एकीकडे मॉडेलला आश्चर्य वाटावं असं काहीच नाही, दुसरीकडे माणूस देईल त्याच्या दुप्पट आश्चर्य. पुनरावृत्तीचं चक्र कसं बसतं तेही त्यांनी दाखवलं : एखादं वाक्य मजकुरात एकदा आलं की ते पुन्हा येण्याची शक्यता वाढते, दोनदा आलं की आणखी, आणि प्रत्येक फेरीगणिक चाकोरी खोल होत जाते. माझ्या मॉडेलला मंदिर आणि झाड सोडवेनात, ते यामुळे. काही फेऱ्यांनंतर त्याच्या दृष्टीने दुसरा शब्द उरलाच नव्हता.

शोध हा उपाय नाही. पण मग शुद्ध सोडत तरी का बिघडते? मॉडेलने दिलेल्या यादीचा वरचा भाग विश्वासार्ह असतो. तळाशी मात्र हजारो टोकनं असतात, प्रत्येकाला कणभर शक्यता दिलेली. मॉडेलने यांतली बहुतेक टोकनं या जागी कधी पाहिलेली नसतात. कोणालाही शून्य द्यायचं नाही या नियमामुळे त्यांच्या पदरात काहीतरी पडलेलं असतं. एकेक घेतलं तर नगण्य, पण सगळ्यांची बेरीज समजा २ टक्के. आता २०० टोकनांचा मजकूर काढा. एकदाही तळात हात न जाण्याची शक्यता ०.९८ चा दोनशे वेळा गुणाकार, म्हणजे २ टक्क्यांहूनही कमी. दोनशे टोकनांत एकदा तरी ठेच लागणार हे जवळपास नक्की. आणि ठेच लागली की मॉडेल ती दुरुस्त करत नाही. ‘निर्यातीच्या’ हा शब्द एकदा लिहिला गेला की तो मजकुराचा भाग होतो, आणि पुढची यादी त्याला धरूनच येते.

म्हणून तळ कापायचा. कुठे कापायचा, एवढाच वाद.

अँजेला फॅन, माइक लुइस आणि यान दोफाँ यांनी २०१८ साली गोष्टी रचण्याच्या कामात सोपी रीत वापरली : वरची ठरावीक `k` टोकनं ठेवायची, बाकीची काढून टाकायची, उरलेल्यांच्या शक्यता पुन्हा १ वर आणायच्या आणि त्यांच्यातच सोडत काढायची. ही टॉप-के. त्यांनी `k` १० ठेवला होता. पुढच्या वर्षी जीपीटी-२ सोबत जे नमुने प्रसिद्ध झाले आणि ज्यांची जगभर चर्चा झाली, ते `k` ४० ठेवून काढलेले होते. त्या नमुन्यांनी लोक थक्क झाले त्याचं बरंचसं श्रेय मॉडेलला मिळालं. काही वाटा या एका आकड्याचाही होता.

पण ठरावीक आकडा दर जागी सारखा बसत नाही. ‘महाराष्ट्राची राजधानी’ या शब्दांनंतर मॉडेलला समजा ‘मुंबई’ची ९३ टक्के खात्री आहे. `k` ४० ठेवला तर उरलेल्या ३९ जागा भरायलाच हव्यात, मग त्यांत नागपूर येईल, पुणे येईल, ‘होती’ येईल, आणि खाली अगदी भलतंसलतंही येईल. दुसरीकडे ‘आजी म्हणाली,’ यानंतर शेकडो शब्द सारखेच योग्य आहेत. तिथे ४० वर कापणं म्हणजे आजीच्या तोंडून ठरलेलीच वाक्यं वदवणं. एकाच आकड्याने पहिल्या जागी कचरा आत येतो आणि दुसऱ्या जागी चांगलं बाहेर राहतं.

होल्ट्झमन आणि सहकाऱ्यांनी सुचवलेली न्यूक्लिअस पद्धत, म्हणजेच टॉप-पी, इथे बाजू फिरवते. किती टोकनं हे ठरवायचं नाही. शक्यतेचा किती वाटा हे ठरवायचं. वरून एकेक टोकन घेत जायचं आणि बेरीज `p` ला पोचली की थांबायचं. `p` ०.९ असेल तर राजधानीच्या जागी एकट्या ‘मुंबई’वरच बेरीज भरते आणि निवड संपते, आजीच्या जागी शंभर-दोनशे शब्द आत येतात. मॉडेल खात्रीत असेल तिथे दार आपोआप अरुंद होतं, नसेल तिथे रुंद. त्यांच्या मोजणीत `p` ०.९५ ठेवल्यावर पर्प्लेक्सिटी १३ च्या आसपास आली, माणसांच्या १२ च्या अगदी शेजारी. उघडीप जेवढी हवी तेवढी.

या पद्धतीचं काम पुढील ओळींत मावतं :

```python
def nucleus(probs, p):
    order = probs.argsort()[::-1]
    total = probs[order].cumsum()
    n = (total < p).sum() + 1
    keep = order[:n]
    return keep, probs[keep] / probs[keep].sum()
```

न्यूक्लिअसचं दोष नसलेलं साधन म्हणून कौतुक करणाऱ्यांशी मी सहमत नाही. दोन अडचणी मला वारंवार दिसल्या. पहिली : यादी फार सपाट असेल, तर ०.९५ वाटा भरायला हजारो टोकनं लागतात आणि कापायचा तो तळच आत येतो. दुसरी जास्त गंभीर आहे. मॉडेल चुकीच्या गोष्टीबद्दल खात्रीत असेल, तर अरुंद झालेलं दार चुकीलाच आत घेतं आणि बरोबर उत्तराला बाहेर ठेवतं. शक्यतेचा आकडा भाषेच्या सवयीबद्दल बोलतो, सत्याबद्दल नाही. कुठलीही निवडरीत ही उणीव भरून काढू शकत नाही.

या सगळ्याबरोबर टेम्परेचर नावाची एक कळ असते. नाव पदार्थविज्ञानातलं आहे. कापण्याऐवजी ती यादीचा उतार बदलते. तीन शब्द घ्या : ०.६, ०.३, ०.१. टेम्परेचर ०.५ ठेवलं की प्रत्येकाचा वर्ग करून पुन्हा बेरीज १ वर आणली जाते. होतात सुमारे ०.७८, ०.२० आणि ०.०२. टेम्परेचर २ ठेवलं की वर्गमूळ घेतलं जातं, होतात ०.४७, ०.३३ आणि ०.१९. खाली नेलं की श्रीमंत अधिक श्रीमंत, शून्याच्या जवळ नेलं की ग्रीडीच. वर नेलं की सगळे एका पातळीला येऊ लागतात. आता यावर `top_p` ०.८५ लावा. मूळ यादीत पहिल्या दोघांची बेरीज ०.९० होते, म्हणून तिसरा बाहेर. टेम्परेचर २ वर पहिल्या दोघांची बेरीज ०.८१ सुद्धा नीट होत नाही, म्हणून तिसरा आत. `top_p` ला हातही न लावता त्याचं दार रुंद झालं, कारण प्रचलित साधनांत टेम्परेचर सहसा आधी लागतं. दोन्ही कळा एकदम फिरवून नंतर कोणत्या कळीने काय झालं याचा शोध घेणारे पुष्कळ भेटतात. मीही त्यांच्यात होतो. या पुस्तकातल्या प्रयोगांत एका वेळी एकच कळ फिरवली आहे, ती त्या अनुभवामुळे.

मराठीत या कळांचं वागणं थोडं वेगळं आहे, आणि पुस्तक लिहायला बसण्याचं खरं कारण ते आहे. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं. ‘स्त्री’ हे आपल्याला एक अक्षर, पण संगणकात त्याची चिन्हं ६ आणि बाइट १८. ज्या मॉडेलांची टोकनं मुख्यतः इंग्रजी मजकुरावरून ठरली आहेत, ती मराठी शब्द बारीक तुकड्यांत फोडतात. एक शब्द लिहायला चार-पाच सोडती काढाव्या लागतात. दर सोडतीला तळात हात जाण्याची शक्यता समजा अर्धा टक्का. दोनशे शब्दांना दोनशे सोडती लागल्या तर ठेच न लागता पार पडण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के. त्याच दोनशे शब्दांना हजार सोडती लागल्या तर ती १ टक्क्याच्याही खाली जाते. प्रत्यक्षात शब्दाच्या पोटातल्या सोडती बऱ्याच ठरलेल्या असतात, म्हणून नुकसान एवढं होत नाही. पण जेव्हा होतं तेव्हा ते ओळखू येतं. अर्थ बिघडण्याआधी अक्षर बिघडतं. अनाथ वेलांटी, मध्येच तुटलेलं जोडाक्षर, किंवा पडद्यावर � अशी चौकट दिसली, तर भाषेला दोष देण्याआधी टेम्परेचर आणि `top_p` तपासावं.

दुसरा सापळा पुनरावृत्ती रोखणाऱ्या सोयींचा. `no_repeat_ngram_size=3` असं लिहिलं की तीन टोकनांचा कोणताही क्रम मजकुरात दुसऱ्यांदा येऊ शकत नाही. मंदिर-झाडाच्या चक्रावर हा रामबाण वाटतो. पण सावित्रीबाई फुले यांच्यावरच्या परिच्छेदात ‘सावित्रीबाई’ या नावाची समजा पाच टोकनं होत असतील, तर ते नाव एकदाच लिहिता येतं. दुसऱ्यांदा पहिली दोन टोकनं जमतात, तिसऱ्याला मज्जाव होतो आणि ‘सावि’ नंतर भलतंच काही येतं. शब्द मोडला तो मॉडेलला नाव ठाऊक नव्हतं म्हणून, असं पाहणाऱ्याला वाटतं. नाव त्याला ठाऊक होतं. आपणच त्याला ते लिहू दिलं नाही. परिच्छेदात नाव पहिल्यांदा नीट आणि नंतर दर वेळी वेगळंच मोडलेलं दिसलं, तर हीच ओळ शोधावी.

वैविध्य आणि सुसंगती यांचा सौदा कुठे करायचा, याला एक उत्तर नाही; काम पाहून ठरवावं लागतं. बोललेलं उतरवून घ्यायचं असेल तर बोलणाऱ्याने एकच वाक्य उच्चारलेलं असतं, तिथे झोत शोभतो. अनुवादात योग्य वाक्यं थोडी असतात, तिथे अरुंद झोत अजूनही चांगलं काम देतो. गोष्टीत योग्य वाक्यं अगणित असतात आणि तिथे सोडत लागते. पण गेल्या काही वर्षांत या दोन घराण्यांमधली भिंत पातळ झाली आहे. बिल बर्न यांनीच शंकर कुमार यांच्यासोबत २००४ मध्ये अनुवादासाठी एक वेगळा विचार मांडला होता : एकच सर्वोत्तम शोधण्याऐवजी अनेक उमेदवार घ्यावेत आणि जो बाकीच्यांशी सर्वांत जास्त जुळतो तो निवडावा. २०२० मध्ये आइकेमा आणि अझीझ यांनी न्यूरल अनुवादात तो पुन्हा पुढे आणला, उमेदवार सोडतीने काढून. २०२२ मध्ये गणिती उदाहरणांसाठी अशीच रीत आली : एकाच प्रश्नाचं उत्तर अनेक वाटांनी काढवायचं आणि ज्या उत्तराला जास्त वाटा पोचतात ते घ्यायचं. ग्रीडीच्या एका वाटेपेक्षा हे उत्तर जास्त वेळा बरोबर येतं. वैविध्य इथे सुसंगतीची किंमत राहत नाही, सुसंगती तपासण्याचं साधन होतं. मला या विषयात सर्वांत आशा वाटते ती याच दिशेबद्दल, आणि पुस्तकाचा जवळजवळ तिसरा हिस्सा मी तिला दिला आहे.

एक बदल मात्र काळजी वाढवणारा आहे. सूचना पाळायला शिकवलेली आजची मॉडेलं याद्याच मुळात टोकदार देतात. प्रशिक्षणातच त्यांच्या पसंतीचा घेर आवळलेला असतो. त्यांच्यावर `top_p` ०.९ ठेवा की ०.९९, फरक पुष्कळदा जाणवत नाही, आणि दहा वेळा गोष्ट मागितली तर दहाही गोष्टी एकाच चालीने सुरू होतात. यादीत नसलेलं वैविध्य सोडत कुठून आणणार? म्हणून या पुस्तकातले बहुतेक प्रयोग सूचना-प्रशिक्षण न दिलेल्या छोट्या, खुल्या मॉडेलांवर आहेत. त्यांच्या याद्या अजून मोकळ्या आहेत आणि कळ फिरवली की काय बदलतं ते डोळ्यांना दिसतं.

हे पुस्तक कोणती कळ किती ठेवावी याचा तक्ता देत नाही. यादी समोर असताना ती वाचता यावी, एवढा प्रयत्न त्यात आहे. वाचकाकडून थोडी पायथॉन आणि शाळेतला शक्यतेचा धडा एवढीच अपेक्षा आहे; अनुवादक आणि संपादक यांनी प्रोग्रॅमच्या ओळी गाळून नुसते मजकुरांचे नमुने वाचले तरी चालेल. नमुने जसे आले तसे छापले आहेत, बिघडलेलेही. सुरुवात मात्र सर्वांनी एकाच ठिकाणाहून करावी असं सुचवतो : आपल्या आवडीचं एक अर्धवट वाक्य घ्या, शब्द निवडायची कोणतीही रीत न लावता पुढच्या टोकनांची यादी छापा, आणि पहिली पन्नास नावं सावकाश वाचा. कितव्या नावाशी तुमची मान नकारार्थी हलते, तिथे पेन्सिलने रेघ मारा. मग दुसरं वाक्य घ्या आणि ती रेघ कुठे सरकते ते पाहा.